चौरसाच्या आठ चालींचा हिशेब

पुठ्ठ्याचा एक चौरस कापावा, त्याच्या चार कोपऱ्यांवर क्रमाने १ ते ४ हे आकडे दोन्ही बाजूंनी लिहावेत आणि ज्या खाचेतून तो कापला तिथेच तो परत बसवून पाहावा. तो किती प्रकारे बसतो? पहिला कोपरा चारांपैकी कुठल्याही जागी जाऊ शकतो. तो बसला की दुसऱ्याला त्याच्या शेजारच्या दोनच जागा उरतात, आणि मग बाकीचे दोघे आपोआप ठरतात. चार दुणे आठ. या आठांत काहीच न हलवणे ही एक चाल. पाव, अर्धा आणि पाऊण फेरा या तीन. उरलेल्या चार पुठ्ठा उलटा करण्याच्या: समोरासमोरच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या दोन मध्यरेषांभोवती आणि दोन कर्णांभोवती.

एका चालीनंतर दुसरी केली, तर एकूण परिणाम याच आठांतल्या एखाद्या चालीचा असतो. क्रमाने मात्र फरक पडतो. आधी पाव फेरा देऊन मग मध्यरेषेभोवती उलटवले, तर चौरस एका कर्णाभोवती उलटल्यासारखा दिसतो. हाच क्रम बदलला तर दुसऱ्या कर्णाभोवती. या आठ चालींच्या कुटुंबाला गणितात आठ क्रमाचा डायहेड्रल गट म्हणतात. ज्या गटात क्रमाने फरक पडतो त्याला साध्या संख्यांत कसे उतरवायचे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन जर्मन गणितज्ञांच्या पत्रव्यवहारातून सुटला.

२५ मार्च १८९६ रोजी ब्राउनश्वाइगमधून रिशार्ड डेडेकिंडने बर्लिनमधल्या गेओर्ग फ्रोबेनियसला एक पत्र लिहिले. त्यात एक कोडे होते. गटातल्या प्रत्येक चालीला एक अक्षर द्यायचे, चालींच्या परस्पर संयोगांनुसार ती अक्षरे एका चौकोनी कोष्टकात मांडायची आणि त्या कोष्टकाचा निश्चयक काढायचा. आपल्या चौरसासाठी हे कोष्टक आठ बाय आठचे होते आणि निश्चयक आठ अक्षरांतली आठव्या घाताची एक लांबलचक बहुपदी होते. क्रमाने फरक पडत नसलेल्या गटांत अशा बहुपदीचे पहिल्या घाताचे अवयव पडतात, हे डेडेकिंडला ठाऊक होते. क्रमाने फरक पडणाऱ्या गटांत मात्र त्याला मोठ्या घाताचे, आणखी न फुटणारे अवयव दिसले होते. असे का होते?

फ्रोबेनियसने त्याच वर्षी उत्तर शोधले. एखादा न फुटणारा अवयव ज्या घाताचा असतो, तितक्याच वेळा तो गुणाकारात येतो, असे त्याने सिद्ध केले. पहिल्या घाताचा अवयव एकदा येतो, दुसऱ्या घाताचा दोनदा. म्हणून बहुपदीच्या एकूण घातात प्रत्येक अवयवाचा वाटा हा त्याच्या घाताच्या वर्गाइतका असतो आणि या वर्गांची बेरीज बरोबर गटातल्या चालींच्या संख्येइतकी भरते. चौरसाच्या गटात पहिल्या घाताचे चार अवयव निघतात आणि दुसऱ्या घाताचा एक: १ + १ + १ + १ + ४ = ८. हे पाच आकडे कुठून येतात ते निश्चयकाला हात न लावताही पाहता येते, आणि तो मार्ग फार सुंदर आहे.

प्रत्येक चालीला एक संख्या किंवा एक मॅट्रिक्स द्यायचा, पण अट अशी की दोन चाली एकामागून एक केल्या तर त्यांच्या मॅट्रिक्सचा गुणाकार हाच जोडचालीचा मॅट्रिक्स असला पाहिजे. अशा जुळणीला गटाचे प्रतिरूप म्हणू आणि मॅट्रिक्सच्या आकाराला त्याची मिती. सुरुवात एका मितीपासून, म्हणजे नुसत्या संख्यांपासून, करू. मध्यरेषेभोवती उलटवा, पाव फेरा द्या, पुन्हा त्याच रेषेभोवती उलटवा. निष्पन्न होतो उलट दिशेचा पाव फेरा. संख्यांच्या गुणाकारात क्रमाला अर्थ नसल्यामुळे पाव फेऱ्याची संख्या आणि तिचा व्यस्त या दोन्ही एकच असायला हव्यात. म्हणजे ती संख्या १ किंवा −१. मध्यरेषेभोवतीची चाल दोनदा केली की चौरस मूळ जागी येतो, म्हणून तिच्याही वाट्याला १ किंवा −१. बाकी सगळ्या चाली या दोघींपासून घडतात. दोन निवडी, प्रत्येकी दोन पर्याय. एक मितीची प्रतिरूपे चार.

या चौघांत एक उणीव आहे. पाव फेऱ्याला १ द्या वा −१, अर्ध्या फेऱ्याच्या वाट्याला नेहमी १ येतो. काहीच न हलवणे आणि चौरस अर्धा फिरवणे यांतला फरक या चौघांनाही दिसत नाही. तो ज्याला दिसेल असे पाचवे प्रतिरूप हवे, आणि ते चौरसाच्या भूमितीतच आहे. चौरसाच्या मध्यातून दोन अक्ष काढले की पाव फेरा बिंदू (x, y) ला (−y, x) वर नेतो, अर्धा फेरा (−x, −y) वर. मध्यरेषांभोवतीच्या चाली एका सहनिर्देशकाचे चिन्ह बदलतात आणि कर्णांभोवतीच्या चाली दोन्ही सहनिर्देशकांची अदलाबदल करतात, त्यांतली एक चिन्हेही बदलून. हे सगळे दोन बाय दोनचे मॅट्रिक्स झाले.

आता फ्रोबेनियसच्या कल्पनेचे सार. अख्खा मॅट्रिक्स बाळगायची गरज नाही. त्याच्या मुख्य कर्णावरच्या संख्यांची बेरीज, म्हणजे ट्रेस, पुरे होते. अक्ष बदलले की मॅट्रिक्स बदलतो, ट्रेस तसाच राहतो. त्यामुळेच एकाच जातीच्या चालींना एकच ट्रेस मिळतो. पाव आणि पाऊण फेरा एका जातीचे, कारण पुठ्ठा मागच्या बाजूने पाहिला की एक दुसऱ्यासारखा दिसतो. दोन मध्यरेषांच्या चाली एका जातीच्या, दोन कर्णांच्या एका जातीच्या. स्थिर चाल आणि अर्धा फेरा प्रत्येकी एकटे. प्रत्येक जातीसमोर ट्रेस लिहून होणारी यादी म्हणजे त्या प्रतिरूपाचे कॅरेक्टर.

| | स्थिर | अर्धा फेरा | पाव, पाऊण | मध्यरेषा | कर्ण |
|---|---|---|---|---|---|
| चाली | १ | १ | २ | २ | २ |
| क | १ | १ | १ | १ | १ |
| ख | १ | १ | १ | −१ | −१ |
| ग | १ | १ | −१ | १ | −१ |
| घ | १ | १ | −१ | −१ | १ |
| च | २ | −२ | ० | ० | ० |

या कोष्टकात लंबतेचा नियम दडलेला आहे. कॅरेक्टरच्या कुठल्याही दोन वेगळ्या ओळी घ्या, आठही चालींसाठी त्यांच्या नोंदींचा गुणाकार करा आणि बेरीज करा: उत्तर शून्य. ओळीचा स्वतःशीच असा गुणाकार केला तर उत्तर आठ. संख्या संमिश्र असत्या तर दोघांपैकी एका ओळीची संयुग्मी घ्यावी लागली असती. इथे ती गरज नाही. दोन सदिश एकमेकांना लंब आहेत की नाहीत हे तपासण्याचीच ही रीत आहे, फक्त इथे दिशा आठ आहेत.

ख आणि ग घेऊन पाहू. जातीनिहाय गुणाकार १, १, −१, −१, १ असे येतात. त्यांची नुसती बेरीज केली तर एक मिळतो आणि नियमच खोटा वाटतो. पहिल्यांदा हिशेब करणाऱ्याचे पाऊल बहुधा इथेच घसरते: शेवटच्या तीन जातींत प्रत्येकी दोन चाली आहेत, म्हणून त्यांचे गुणाकार दुप्पट धरायला हवेत. १ + १ − २ − २ + २ = ०. आता जमले. च ची स्वतःशी बेरीज २ × २ आणि (−२) × (−२), म्हणजे ४ + ४ = ८; उरलेल्या सहा चालींचे योगदान शून्य.

हे शून्य योगायोगाने येत नाही. ख आणि ग च्या नोंदींचा गुणाकार हे स्वतःच एक मितीचे प्रतिरूप आहे, आणि त्यात पाव फेऱ्याला −१ मिळतो. आठही चालींच्या संख्यांची बेरीज ब धरा. प्रत्येक चालीपुढे एक पाव फेरा जोडला तर तीच आठ नावे फक्त जागा बदलून परत येतात, म्हणून बेरीज ब च राहते. पण प्रत्येक संख्येला −१ ने गुणले गेले, म्हणून ती −ब सुद्धा झाली. ब आणि −ब सारखे, तर ब शून्यच. कुठल्याही दोन वेगळ्या एकमिती ओळींना हाच युक्तिवाद लागू पडतो; फक्त पाव फेऱ्याऐवजी कधी कधी मध्यरेषेची चाल घ्यावी लागते.

च ची बाकी चौघांशी असलेली लंबता तर एका फटक्यात दिसते. प्रत्येक चालीची जोडी, त्याच चालीपुढे अर्धा फेरा जोडून मिळणाऱ्या चालीशी लावा. च मध्ये अर्धा फेरा म्हणजे सगळ्यांची चिन्हे बदलणे, म्हणून जोडीदारांच्या नोंदी एकमेकींच्या विरुद्ध चिन्हांच्या. उरलेल्या चार ओळींत अर्धा फेरा दिसतच नाही, म्हणून तिथे जोडीदारांच्या नोंदी सारख्या. गुणाकार जोडीजोडीने कटतात. सर्व सांत गटांसाठीचा सुटसुटीत पुरावा फ्रोबेनियसचाच विद्यार्थी इसाय शूर याने १९०५ मध्ये दिला. दोन प्रतिरूपांना जोडणारा कुठलाही मॅट्रिक्स घेऊन त्याची सगळ्या चालींवर सरासरी काढली, तर उरतो तो गटाच्या सर्व चालींशी सुसंगत असा दुवा. दोन्ही प्रतिरूपे न फुटणारी आणि वेगळी असली तर असा दुवा शून्याखेरीज दुसरा असूच शकत नाही.

आता वर्गांच्या बेरजेकडे. आठ खुर्च्या मांडा आणि प्रत्येकीला एका चालीचे नाव द्या. गटातली कुठलीही चाल या खुर्च्यांची अदलाबदल करते: नाव असलेल्या चालीपुढे ती जोडून जे नाव मिळेल त्या जागी. हे झाले आठ मितीचे एक प्रतिरूप. अदलाबदलीच्या मॅट्रिक्सचा ट्रेस म्हणजे जागेवरून न हललेल्यांची संख्या. स्थिर चालीत आठही जागच्या जागी राहतात. दुसऱ्या कुठल्याही चालीत एकही नाही. म्हणून या प्रतिरूपाच्या कॅरेक्टरमध्ये पहिली नोंद आठ आणि बाकी सगळी शून्ये.

लंबतेचा खरा उपयोग इथे दिसतो. एखाद्या मोठ्या प्रतिरूपात च किती वेळा आहे हे शोधायचे तर त्याच्या कॅरेक्टरचा च शी गुणाकार करून बेरजेला आठने भागायचे. लंबतेमुळे बाकी घटक आपोआप गळून पडतात. आठ खुर्च्यांच्या बाबतीत हे गणित तोंडी होते: ८ × २ भागिले ८, म्हणजे २. क साठी ८ × १ भागिले ८, म्हणजे १. ख, ग, घ यांचेही तसेच. प्रत्येक न फुटणारे प्रतिरूप त्याच्या मितीइतक्या वेळा येते, आणि दर वेळी मितीइतकी जागा घेते. म्हणून एकूण जागा म्हणजे मितींच्या वर्गांची बेरीज. डेडेकिंडच्या निश्चयकात दुसऱ्या घाताचा अवयव दोनदा का येतो, त्याचे हेच कारण.

आणि म्हणूनच शोध कुठे थांबवायचा हे कळते. च स्वतः फुटत नाही, कारण स्वतःशी गुणाकाराची बेरीज आठने भागल्यावर १ आली. आत दोन वेगळे तुकडे असते तर २ आली असती. १ + १ + १ + १ + ४ ने आठ खुर्च्या भरल्या, सहाव्या प्रतिरूपाला जागाच उरली नाही. जातीही पाचच आणि ओळीही पाचच, हेही प्रत्येक सांत गटात खरे असते. कोष्टक लिहिताना एखादी नोंद चुकली तर उभ्या रकान्यांवरूनही ती पकडता येते: वेगवेगळे रकाने एकमेकांना लंब असतात, आणि रकान्यातल्या नोंदींच्या वर्गांची बेरीज म्हणजे आठ भागिले त्या जातीतल्या चाली. पहिल्या रकान्याची बेरीज ८, शेवटच्याची ४. पहिल्या आणि दुसऱ्या रकान्याचा गुणाकार: १ + १ + १ + १ − ४ = ०.

कोपऱ्यांवरच्या आकड्यांवर हे यंत्र चालवून पाहू. प्रत्येक चालीत किती कोपरे जागच्या जागी राहतात? स्थिर चालीत चार, कुठल्याही फेऱ्यात एकही नाही, मध्यरेषेभोवती उलटवल्यास एकही नाही, कर्णाभोवती उलटवल्यास दोन. कॅरेक्टर झाले ४, ०, ०, ०, २. क शी गुणाकार: ४ + २ × २ = ८, भागिले ८, म्हणजे एकदा. ख आणि ग शी: ४ − ४ = ०, म्हणजे नाहीच. घ शी पुन्हा ८, एकदा. च शी ४ × २ = ८, एकदा. तेव्हा ४ = १ + १ + २. याचा अर्थ डोळ्यांनाही दिसतो: चारही कोपऱ्यांवर एकच संख्या हा क, एकाआड एक अधिक-उणे हा घ, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांवर विरुद्ध चिन्हांच्या संख्या हा च.

रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात हेच कोष्टक C4v या नावाने समोर येते. ब्रोमीन पेंटाफ्लुओराइडच्या रेणूत चार फ्लुओरीन अणू चौरसाच्या कोपऱ्यांवर असतात आणि पाचवा मध्याच्या डोक्यावर. तळाच्या चार बंधांच्या लांबी आखूड-लांब होण्याच्या कंपनांचे कॅरेक्टर वरच्याच कोपऱ्यांचे आहे. म्हणून ती कंपने चार असली तरी त्यांच्या वारंवारता तीनच: चौघे एकत्र ताणले जातात ते एक कंपन, एकाआड एक ताणले जातात ते दुसरे, आणि च ची जोडी, जिची दोन्ही कंपने एकाच वारंवारतेची असतात. यांतले पहिले कंपन वरच्या पाचव्या बंधाच्या कंपनाशी मिसळते. क प्रकारच्या हालचालींना एकमेकींत मिसळायला सममिती मनाई करत नाही. वारंवारता नेमकी किती, हे कोष्टक सांगत नाही. ते अणूंच्या वस्तुमानांवर आणि बंधांच्या ताठपणावर ठरते.

सिद्धान्ताला एक अट आहे, आणि ती मोडली की हिशेब चुकतो. संमिश्र संख्या वापरायची मुभा हवी. चौरस उलटण्यावर बंदी घाला; उरतात चार फेऱ्यांच्या चाली. फक्त वास्तव संख्यांत काम केले तर दोन एकमिती प्रतिरूपे मिळतात आणि पाव फेऱ्याचे दोन बाय दोनचे प्रतिरूप न फुटणारे दिसते, कारण पाव फेऱ्यात एकही दिशा स्वतःवर राहत नाही. वर्गांची बेरीज १ + १ + ४ = ६ होते, चाली मात्र चारच. दोष लगेच सापडतो: या प्रतिरूपाचे कॅरेक्टर २, ०, −२, ०, स्वतःशी गुणाकाराची बेरीज ८, भागिले ४, म्हणजे २. आत दोन तुकडे आहेत. वर्गमूळ −१ वापरू दिले की ते वेगळे होतात आणि १ + १ + १ + १ = ४ जमते. उलटण्याच्या चाली परत आणल्या की हेच दोन तुकडे एकमेकांत बदलू लागतात, आणि म्हणून आठ चालींच्या गटात च अखंड राहतो.

कोष्टकाची आणखी एक मर्यादा आहे. हॅमिल्टनने १८४३ मध्ये शोधलेल्या क्वाटर्नियनांतल्या ±1, ±i, ±j, ±k या आठ घटकांचाही एक गट होतो. डेडेकिंडने निश्चयक काढून पाहिलेल्या गटांत तो होता. त्याच्याही जाती पाच, त्यांचे आकारही १, १, २, २, २, आणि कॅरेक्टरचे कोष्टक हुबेहूब चौरसाचे. तरी गट वेगळे आहेत. चौरसात दोनदा केल्यावर मूळ जागी आणणाऱ्या चाली पाच आहेत, अर्धा फेरा आणि उलटण्याच्या चार. क्वाटर्नियनांत असा −1 हा एकच.

हा फरक च च्या ओळीतून बाहेर काढण्याची रीत फ्रोबेनियस आणि शूर यांनी १९०६ मध्ये दिली. प्रत्येक चाल दोनदा करायची, त्या दुहेरी चालीची नोंद घ्यायची आणि आठांची सरासरी काढायची. चौरसात सहा चाली दोनदा केल्यावर स्थिर होतात आणि दोन अर्ध्या फेऱ्यावर जातात: ६ × २ − २ × २ = ८, सरासरी १. क्वाटर्नियनांत दोनच घटकांचा वर्ग 1 होतो आणि सहांचा −1: २ × २ − ६ × २ = −८, सरासरी −१. या चिन्हाला अर्थ आहे: चौरसाचे दोन मितीचे प्रतिरूप साध्या वास्तव संख्यांच्या मॅट्रिक्सनी लिहिता येते, तर क्वाटर्नियनांच्या गटाचे दोन मितीचे प्रतिरूप संमिश्र संख्यांवाचून दोन बाय दोनमध्ये लिहिताच येत नाही, जरी त्याचे सगळे ट्रेस वास्तव असले तरी.